सगळ्यात म्हातारा कोण?

मे महिन्यात माझी भाची आजोळी आली की पहिल्या संध्याकाळपासून नदीवर. आमच्या घरापासून नदी हाकेच्या अंतरावर आहे. कणकवली तालुक्यातली, पुढे गडनदीला मिळणारी, पावसाळ्यात छातीत धडकी भरवणारी आणि मे महिन्यात गुडघाभर पाण्याची. पात्रात तेव्हा पाण्यापेक्षा गोटेच जास्त दिसतात. मनू एका कापडी पिशवीत ते भरून आणते, पडवीत ओतते आणि रंग बघून रांगा लावते. काळ्यांची रांग, तांबड्यांची, पांढऱ्या-गुलाबी रंगाच्यांची. ओले असताना सगळे झळझळीत दिसतात आणि वाळले की एकेकाचा रंग उतरतो. मग ती तांब्यात पाणी घेऊन पुन्हा शिंपडायला बसते. अशाच एका संध्याकाळी तिने मान वर न करता विचारलं, "मामा, ह्यातला सगळ्यात म्हातारा कोण?"

मी कॉलेजात भूशास्त्र शिकलोय. पोट दुसऱ्याच कामावर भरत असलो तरी दगड बघायची सवय सुटलेली नाही. तरीही तिला पटकन उत्तर देता येईना, कारण तिला हवा होता एक दगड आणि एक आकडा. समोरच्या रांगांमधल्या प्रत्येक गोट्याला वयं मात्र निदान तीन होती. दगड म्हणून तो कधी तयार झाला, डोंगरापासून कधी सुटला आणि गोल कधी झाला. ह्या तिन्ही गोष्टींमध्ये कोट्यवधी वर्षांचं अंतर असू शकतं. नऊ वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं, ह्या विचारात मी रात्री बराच वेळ जागा होतो. आई आतून दोनदा म्हणाली, दिवो काढ आता.

सकाळी मी काळ्या रांगेपासून सुरुवात केली.

काळा दगड आपल्याकडे कुणाला नवा नाही. पाटा, वरवंटा, जातं, देवळाच्या पायऱ्या, सगळं त्याचंच. सह्याद्रीच्या घाटात रस्त्याकडेला उभे कापलेले काळे कडे दिसतात, त्यांत आडवे थर मोजता येतात. तो एकेक थर म्हणजे जमिनीला पडलेल्या भेगांमधून वर आलेला आणि पसरून थिजलेला लाव्हा. हे घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच काळाच्या आसपास. एकावर एक असे थर साचत गेले आणि आज जो काही शिल्लक आहे तोसुद्धा साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मनूच्या रांगेतल्या एका काळ्या गोट्यावर पांढरे, हिरवट ठिपके होते. तिला वाटलं होतं कुणीतरी रंग उडवलाय. ते लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे. लाव्हा थिजला तेव्हा बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या, नंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांमध्ये खनिजं आणून भरली. म्हणजे एकाच गोट्यात काळा भाग वयाने मोठा आणि पांढरा ठिपका धाकटा. हे ऐकल्यावर तिने तो गोटा रांगेतून काढून वेगळा ठेवला.

तांबड्या रांगेतले बरेचसे जांभ्याचे तुकडे. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, आवाठातली गडगी जांभ्याची, वरचा सडा जांभ्याचा, त्यामुळे तो तिला ओळखता आलाच. पण हा जांभा तयार कशाचा झाला, हे तिला माहीत नव्हतं. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस ह्यांच्यात खडक लाखो वर्षं कुजत राहिला की त्यातलं विरघळणारं सगळं वाहून जातं. सिलिकासुद्धा हळूहळू निघून जाते आणि मागे उरतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजतं, तांबडं होतं, उघड्यावर कडक होतं. आमच्या भागातला पुष्कळसा जांभा असाच काळ्या खडकापासून झालेला आहे. म्हणजे तांबडा दगड काळ्याचा मुलगा. नदीत त्याचे गोटे कमीच सापडतात आणि सापडले तरी कधी गुळगुळीत नसतात. भोकाभोकाचा दगड तो, दोन पावसाळे आपटला की चुरा होऊन पाण्याला रंग देतो.

राहिली पांढरी-गुलाबी रांग, आणि खरी गोष्ट तिथेच होती.

ह्या रांगेत मनूने दोन वेगळे दगड एकत्र लावले होते. दिसायला दोन्ही पांढरे, दोन्ही कठीण. चाकूचं टोक ओढलं तर दोघांवरही ओरखडा उठत नाही, उलट चाकूचं पोलाद घासून राखाडी रेघ उमटते. त्यातली एक गारगोटी. दुधासारखी एकसंध, कडेला थोडी पारदर्शक. जमिनीखाली खोलवर खडकाच्या चिरेत गरम पाण्यातून साचलेली. दुसरा दगड तसा नव्हता. मी एक फुटका गोटा शोधला, त्याची फुटलेली बाजू पाण्यात बुडवली आणि तिच्या हातात भिंग दिलं. ती बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली.

"मामा, ह्यात वाळू आहे."

वाळूच होती ती. कण न् कण वेगळा दिसत होता, काही काचेसारखे, काही किंचित गुलाबी, एकमेकांना घट्ट चिकटलेले. साध्या वाळूच्या दगडावर नख घासलं की कण सुटून येतात. हा मात्र इतका घट्ट झालेला की फुटताना भेग कणांच्या कडेने न जाता कण चिरून पलीकडे गेलेली होती. वाळूच्या कणांमधल्या फटीत सिलिका साचून सगळा थर एकजीव झाला की तो असा फुटतो. क्वार्टझाइट म्हणतात त्याला. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात कलादगी नावाचं गाव आहे, त्याच्या नावाने ओळखले जाणारे हे थर आपल्याकडे सिंधुदुर्गात तुकड्यातुकड्यांनी उघडे पडलेले दिसतात. वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. काळ्या लाव्ह्याच्या पंधरापट तरी.

आणि हे झालं त्याचं दगड म्हणून वय. त्यातली वाळू त्याहून जुनी. ती वाळू कुठल्यातरी आणखी जुन्या खडकाची झीज होऊन तयार झालेली, कुठल्यातरी नदीने वाहून आणलेली. मी मनूला सांगितलं, त्या नदीच्या काठी झाड नव्हतं. गवतसुद्धा नव्हतं, कारण जमिनीवर झाडं अजून आलीच नव्हती. मासा नव्हता, बेडूक नव्हता, पक्षी नव्हता. पाऊस मात्र होता, पाणी होतं, आणि पाणी आजच्यासारखीच वाळू ढकलत होतं. हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. हा गोटा आज वाळू व्हायच्या वाटेवर आहे, आणि तो आधीही एकदा वाळू होता.

दुपारी आमच्या वाडीतले तात्या आले. तात्यांच्या घरात पाटे-वरवंटे करायचं काम होतं. आता गिऱ्हाईक नाही, पण हात अजून दगडावरून फिरतो. त्यांनी काळ्या रांगेतला एक सुबक, लांबट गोटा उचलला आणि दुसऱ्याने त्यावर टक् केलं. बद्द आवाज आला.

"ह्यो कुजको गो बाय. आतून गेललो हा. वरवंटो करूक गेलंस तर दोन तुकडे होतले." मग दुसरा उचलला, तो खणखणला. "ह्यो बरो."

तात्यांनी कानाने जे ओळखलं ते खरं का, हे बघायला मनूला तो गोटा फोडायचाच होता. तात्यांनी छिन्नी लावून एका घावात फोडला. बाहेरून बोटभर जाडीची मातकट, पिवळसर साल आणि आत मध्ये काळा गाभा, तोही चिरा गेलेला. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळांचा ह्यात गोंधळ होतो. गोल दगड दिसला की आपण म्हणतो, नदीने गोल केला. काळ्या खडकाच्या बाबतीत ते नेहमीच खरं नसतं. जमिनीखाली असतानाच पाणी ह्या खडकाच्या उभ्या-आडव्या फटींमध्ये शिरतं, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी कुजतात, कडा दोन बाजूंनी, सपाट पृष्ठ एका बाजूने. म्हणून कोपरे आधी जातात आणि नदीचं तोंडही न बघता ठोकळा गोल होतो. रस्त्यासाठी डोंगर कापतात तिथे मातीत असे गोळे रुतलेले दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. साल नखाने निघाली, मातकट असली, तर गोलाई जमिनीतली. पृष्ठ कठीण, गुळगुळीत आणि आवाज खणखणीत असेल तर ती पाण्याची. क्वार्टझाइट असा कुजत नाही. त्याची गोलाई खात्रीने आपटूनच आलेली. उन्हात तिरका धरला तर त्याच्या अंगावर नखाच्या कोरीएवढ्या बारीक चंद्रकोरी दिसतात. पुरात दुसरा गोटा आदळला त्याची ती खूण. मनूच्या सगळ्यात मोठ्या गुलाबी गोट्यावर त्या इतक्या होत्या की बोट फिरवलं तर कळत होत्या.

तिने मग वजनाचं काढलं. काळा दगड हातात जड लागतो असं तिचं म्हणणं. म्हटलं, बघूया. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. आधी दगडाचं कोरडं वजन. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबत धरला, तळाला आणि कडेला न टेकता. आता काटा जितके ग्रॅम दाखवतो तितके मिलिलिटर त्या दगडाचं आकारमान. तळाला टेकला की आकडा भलताच वाढतो, तेवढं सांभाळायचं. खणखणीत काळा गोटा भरला ३४८ ग्रॅम, पाण्यात १२०. भागाकार तिनेच केला, २.९. गुलाबी गोटा ३१८ ग्रॅम, पाण्यात तोही १२०. उत्तर २.६५. तिचा हात बरोबर होता. नंतर कुजक्या काळ्याचा एक तुकडा तोलला तर तो जेमतेम २.५ निघाला, म्हणजे गुलाबीपेक्षाही हलका. तेव्हा वजनावरून दगड ठरवायचा तर तो आतून ताजा आहे ना, हे आधी बघावं लागतं. तात्यांची टक् त्यासाठीच.

पण मनूचं खरं कुतूहल आता वेगळीकडेच गेलं होतं. काळे गोटे घाटातून आले हे तिला पटलं, घाट घरातून दिसतो. हे गुलाबी कुठून आले?

रत्नागिरीकडच्या बहुतेक नद्यांत हा प्रश्न पडत नाही. तिथे डोंगरमाथ्यापासून खाडीपर्यंत काळा दगड आणि जांभा, गोटेही तेच. आम्ही लाव्ह्याच्या दक्षिणेकडच्या कडेला राहतो. इथे थर पातळ होत जातात, आणि नदीने ते कापून काढले की खालचा जुना खडक उघडा पडतो. त्यामुळे उंचावर धाकटा खडक आणि पायथ्याशी म्हातारा, असा उलटा हिशोब. वरून खाली येणारी नदी एका दिवसाच्या चालीत नव्वद कोटींहून जास्त वर्षं मागे जाते. आमच्या अंगणातून रोज दिसणाऱ्या डोंगराबद्दल हे कळलं तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो, आणि तेव्हापासून तो डोंगर मला पूर्वीसारखा दिसलेला नाही.

दगडाचं घर शोधायची रीत जुनी आणि सोपी आहे. नदीच्या उलट वर चालत जायचं आणि गोटे मोजायचे. दर थोड्या अंतरावर हातभर लांबी-रुंदीचा चौकोन आखायचा, त्यात डोळे मिटून बोट लागेल तो गोटा उचलायचा, असे शंभर. डोळे मिटायचे कारण उघड्या डोळ्यांनी माणूस सुंदरच दगड उचलतो. आम्ही भल्या पहाटे निघालो, तात्याही आले. पहिल्या ठिकाणी शंभरात गुलाबी-पांढरे बावीस. वर गेलो तिथे चोवीस. मग डावीकडून एक व्हाळ येऊन मिळतो, वरती गर्द माडत आणि जांभळाची झाडं. त्या संगमाच्या थोडं वर मुख्य नदीत मोजले तर शंभरात एक. सगळे काळे, वर थोडी गारगोटी आणि जांभ्याची खडी. मनूला वाटलं मोजण्यात चूक झाली, म्हणून तिने पुन्हा शंभर उचलले. ह्या वेळी एकही नाही. मग आम्ही मागे येऊन व्हाळात शिरलो आणि तिथे पात्रच गुलाबी होतं. निम्म्याहून जास्त.

मोजताना दोन भामटे सापडले. एक विटेचा तुकडा, इतका गुळगुळीत गोल की तात्याही क्षणभर थबकले, आणि एक काँक्रीटचा. काँक्रीटच्या गोट्यात बारीक काळी खडी आणि वाळू राखाडी लगद्यात बसलेली दिसते, लिंबाचा थेंब टाकला तर तो लगदा फसफसतो. क्वार्टझाइटवर थेंब नुसता बसून राहतो. पुलाच्या खालच्या बाजूला असे गोटे हमखास मिळतात. नदीला माणसाचा दगड आणि डोंगराचा दगड ह्यांत फरक नाही.

व्हाळातून वर जाताना गोट्यांकडे नीट बघितलं तर त्यांची गोलाई उलटी घडताना दिसते. संगमाजवळ अंडाकृती. जरा वर कोपरे बोथट, पण बाजू ओळखू येणाऱ्या. आणखी वर पत्त्याच्या जोडासारखे चपटे ठोकळे, कडा धारदार. पावलागणिक दगड मोठे होत गेले आणि चालणं अवघड. शेवटी करवंदीच्या जाळीमागे कातळ लागला. माणसाच्या उंचीचा, आडव्या थरांचा, वीतभर जाडीचे थर. खाली पडलेल्या एका लादीवर ओळीने उंचवटे होते, एकामागून एक, बोटभर अंतरावर.

मनूने हात लावला आणि म्हणाली, "हे तर तळाशिलच्या किनाऱ्यावर असतं. पाणी ओसरल्यावर."

तेच होतं. ओल्या वाळूवर पाण्याने उठवलेल्या वळ्या, वरून दुसरी वाळू अलगद बसल्यामुळे राहून गेलेल्या आणि मग दगड झालेल्या. ह्या वळ्यांकडे बाजूने बघायचं असतं. एक उतार लांब आणि दुसरा तीव्र असेल तर पाणी एकाच दिशेने वाहत होतं, म्हणजे नदी किंवा प्रवाह. दोन्ही उतार सारखे असतील तर पाणी पुढेमागे हलत होतं, म्हणजे लाटा. मी पट्टी आडवी धरली, ती वाकून बघत होती. दोन्हीकडे सारखेच. उथळ पाणी, किनाऱ्याजवळचं, त्यात लाटा ये-जा करताहेत. आजचा अरबी समुद्र तेव्हा कुठे नव्हता, तो लाव्ह्याच्या काळानंतरचा. त्यामुळे हा समुद्र कुठला, हे विचारून तिने मला पुरतं अडवलं. मी म्हटलं, त्याला नाव द्यायला तेव्हा कुणी नव्हतं. तात्या लादीवर तंबाखू मळत बसले होते, ते म्हणाले, "इतकी वर्सा झाली आणि वळ्यो तशेच." त्यांच्या आवाजात जो अचंबा होता, तो मला पुस्तकात वाचून कधी आला नव्हता.

खाली उतरताना मनूचा नवा प्रश्न तयार होता. इथून संगमापर्यंत यायला दगडाला किती दिवस लागतात? ह्याचं उत्तर दिवसांत नाही. वर्षातले बरेच महिने गोटा हलतच नाही. पावसाळ्यातही रोज नाही, नदी दुथडी भरते त्या मोजक्या वेळांत तो उठतो, काही अंतर गडगडतो आणि पुन्हा बसतो. कधी वाळूखाली गाडला जातो आणि शे-दोनशे वर्षं तिथेच राहतो. एखादा गोटा जुन्या काठाच्या मातीतून सुटून दुसऱ्यांदा नदीत पडलेला असतो. एका पावसाळ्यात किती सरकतो एवढं मात्र घरबसल्या मोजता येतं, आणि तिला तेच हवं होतं.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पिवळा ऑइलपेंट आणला. मुठीएवढे तीस गोटे, दहा काळे, दहा गुलाबी, दहा जांभ्याचे, उन्हात वाळवून रंगवले आणि प्रत्येकाला काळ्या रंगात नंबर घातला. कोरड्या नोंदवहीत वजनं लिहिली. संगमाच्या खाली जांभळाच्या झाडापासून समोरच्या कातळापर्यंत दोरी ताणली आणि त्या रेषेवर ते ओळीने मांडले, आधीचे गोटे काढून त्यांच्या जागी बसवून, नाहीतर पहिल्याच लोंढ्यात सगळे उगाच लांब जातात. ह्यातले पुष्कळ सापडणार नाहीत, हे मी तिला आधीच सांगितलंय. काही वाळूखाली जातील, काहींचा रंग खरवडून निघेल, जांभ्याचे बहुधा फुटतील. जे मिळतील त्यांचं दोरीपासूनचं अंतर पायवाटेने नाही, पात्राच्या वळणाने मोजायचं, आणि वजन पुन्हा करायचं. दिवाळीत पाणी ओसरलं की तात्या पहिली फेरी मारणार आहेत. मनूने त्यांना नंबरांची यादी दिलीय आणि बजावलंय की सापडलेला गोटा उचलण्याआधी त्या जागी खूण करायची.